लागवडीची तारीख टाकली होती, सेलमध्ये 45418 दिसतंय

केळीपट्टा_रावेर

नमस्कार मंडळी. आमच्या गटात २१४ शेतकरी आहेत, सगळे केळीवाले. गेल्या मृगबागेच्या लागवडीची यादी माझ्याकडे आहे. गावोगावच्या मुलांनी मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये माहिती भरली, त्याची सीएसव्ही फाईल आली, ती मी ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली. तिथून मुख्य फाईलमध्ये Paste Special करून Values चिकटवल्या, कारण रंग आणि रेघा नको होत्या.

आता लागवड दिनांकाच्या कॉलममध्ये दोन प्रकार दिसतात. काही ओळींत 25/06/2024 अशी नीट तारीख आहे. काही ओळींत मात्र 45418, 45632 असले आकडे आहेत. नीट तारखा डावीकडे चिकटल्यात, आकडे उजवीकडे.

आम्ही लागवडीत ३३० दिवस मिळवून कापणीचा अंदाज काढतो आणि त्यावरून व्यापाऱ्यांशी बोलतो. शुक्रवारी यादी द्यायची आहे. बिघडलेल्या तारखा परत कशा आणायच्या? पुन्हा हाताने टाकायच्या तर दोन दिवस जातील.

चोपडा_बायपास

ताई, कॉलम अरुंद झालाय. वर दोन अक्षरांच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक करा, रुंद होईल आणि तारीख दिसेल. माझं पण असंच झालं होतं.

केळीपट्टा_रावेर

दादा, रुंद करून पाहिलं. ##### नाही येत, आकडाच येतोय.

गिरणाकाठ

काही बिघडलेलं नाही ताई, घाबरू नका. एक्सेल तारीख तारीख म्हणून ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० पासून किती दिवस झाले तो आकडा ठेवतो, आणि आपल्याला दाखवताना त्याला तारखेचा पोशाख चढवतो. तुम्ही फक्त Values चिकटवल्या, म्हणजे पोशाख मागे राहिला आणि आतला आकडा पुढे आला. नव्या शीटचे सेल General होते ना, त्यांनी आकडा आहे तसा दाखवला.

कॉलम सिलेक्ट करा, Home टॅबवर जिथे General लिहिलंय तिथे Short Date निवडा. झालं काम.

केळीपट्टा_रावेर

अरे वा, आली! 45418 च्या जागी 5/6/2024 आलं. म्हणजे ५ जून. त्या शेतकऱ्याची लागवड जूनच्या पहिल्या आठवड्यातच होती. खूप आभार गिरणाकाठ दादा, दोन दिवस वाचवलेत.

पांझरा

माले बी हाऊच तरास शे. पण माझ्या फाईलीत सगळ्याच तारखांचे आकडे झालेत, एकाच कॉलमात नाही. कॉलम आपोआप दुप्पट रुंद झालेत आणि बेरजेच्या सेलमध्ये उत्तराऐवजी =SUM लिहिलेलं दिसतं. Short Date करून पण काही बदलत नाही.

जुना_कारकून

पांझरा भाऊ, तुमचा प्रकार वेगळा आणि सोपा आहे. कंट्रोल दाबून Esc च्या खालचं बटण (`) चुकून दाबलं गेलंय. त्याने शीट फॉर्म्युले दाखवायला लागतं, आणि त्या अवस्थेत तारखाही आतल्या आकड्याच्या रूपात दिसतात. फॉरमॅट कितीही बदला, फरक पडणार नाही. तेच दोन बटणं पुन्हा दाबा. फॉर्म्युले उघडे दिसणं आणि कॉलम रुंद होणं या दोन खुणांवरून हे लगेच ओळखता येतं.

केळीपट्टा ताई, तुम्ही मात्र जरा थांबा. यादी शुक्रवारी पाठवू नका. 45418 म्हणजे ५ जून नाही. ६ मे आहे.

केळीपट्टा_रावेर

काका, समोर 5/6/2024 स्पष्ट लिहिलंय ना?

जुना_कारकून

लिहिलंय, पण वाचायचं कसं हे तुमचा लॅपटॉप ठरवतोय, तुम्ही नाही. त्याच यादीत Short Date च्या खाली Long Date आहे. एका सेलला तो लावून बघा आणि काय दिसतं ते जसंच्या तसं इथे टाका.

केळीपट्टा_रावेर

Monday, May 6, 2024 आलं.

हे कसं झालं? मे महिन्यात त्या गावात कोणी लागवड केलीच नव्हती.

जुना_कारकून

सावकाश सांगतो. तीस वर्षं कारकुनी केली, त्यात हीच चूक निदान पाच वेगवेगळ्या टेबलांवर पाहिली.

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजचा प्रदेश बहुतेक English (United States) राहिलाय. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. एक्सेल सीएसव्ही उघडताना कोणाला विचारत नाही, विंडोजची रीत घेतो. फाईलमध्ये 05/06/2024 होतं. त्याने ते पाचवा महिना, सहावा दिवस असं वाचलं आणि आत 45418 ठेवलं. मग दाखवतानाही अमेरिकन रीतीनेच 5/6/2024 दाखवलं. वाचताना उलटं आणि दाखवतानाही उलटं, त्यामुळे डोळ्याला सरळ दिसतं. म्हणून ही चूक महिनोन्महिने सापडत नाही.

आता 25/06/2024 घ्या. पंचविसावा महिना नसतोच. एक्सेलला ती तारीख वाटलीच नाही, त्याने ती नुसती अक्षरं म्हणून ठेवली. अक्षरं डावीकडे चिकटतात, आकडे उजवीकडे. General केल्यावर अक्षरांना काहीच होत नाही, तुम्हाला ती 'नीट तारीख' वाटली.

म्हणजे तुम्ही ज्यांना बिघडलेल्या म्हणालात त्या तारखा एक्सेलच्या दृष्टीने खऱ्या आहेत, फक्त महिना आणि दिवस उलटे. आणि ज्या नीट वाटल्या त्या तारखाच नाहीत. दोन्ही गट दुरुस्त करायचेत.

आकडे दिसले हे बरं झालं. ते दिसले नसते तर तुम्ही विचारलंच नसतं.

गिरणाकाठ

काका, चुकलो मी. फॉरमॅट बदलला की काम संपलं असं वाटलं. मी धरणगावच्या आमच्या दुकानात रोज तेच करतो आणि कधी अडचण आली नाही. आमच्या मशीनवर India आहे, बहुतेक त्यामुळे.

जुना_कारकून

तुमचं पहिलं उत्तर मुळात बरोबर होतं, आकडा का दिसला त्याचं कारण तेच आहे. फक्त तो आकडा योग्य तारखेचा आहे का, हा दुसरा प्रश्न राहून गेला.

अमळनेरचे_गुरुजी

मध्येच विचारतो, माफ करा. गिरणाकाठ म्हणाले १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस. मी कागदावर मोजून बघितलं. १९०० ते २०२३ अशी १२४ वर्षं, गुणिले ३६५ म्हणजे ४५,२६०. मधे १९०४ पासून २०२० पर्यंत लीप वर्षं ३०. एकूण ४५,२९० दिवस. पण एक्सेलमध्ये १ जानेवारी २०२४ टाकून General केलं तर 45292 येतं. दोन दिवस जास्त कुठून आले?

जुना_कारकून

गुरुजी, हिशोब अगदी बरोबर आहे तुमचा. दोन दिवस दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात.

पहिला असा, की १ जानेवारी १९०० ला एक्सेल शून्य म्हणत नाही, 1 म्हणतो. मोजणी त्या दिवसासकट आहे.

दुसरा दिवस मुळात घडलाच नाही. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप धरतात. पण एक्सेलच्या आधी लोटस १-२-३ नावाचा प्रोग्राम सगळीकडे चालायचा आणि तो १९०० ला लीप वर्ष धरायचा. लोटसच्या फाईली एक्सेलमध्ये तशाच चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून ठेवली. तुम्ही सेलमध्ये 60 लिहा आणि तारखेचा फॉरमॅट द्या, २९ फेब्रुवारी १९०० दिसेल. असा दिवस कोणत्याही पंचांगात सापडणार नाही.

आजच्या तारखांना याने काही बाधा येत नाही. दोन तारखांतला फरक बरोबरच निघतो, कारण दोन्हींत तो जादा दिवस सारखाच मिसळलेला असतो.

अमळनेरचे_गुरुजी

आता उलगडा झाला. मी एका शाळेचं जुनं जनरल रजिस्टर संगणकावर घेतोय. त्यात १८९६, १८९८ च्या जन्मतारखा आहेत. त्या काही केल्या आकडा होत नाहीत, डावीकडेच बसतात. म्हणजे 1 च्या मागे एक्सेलला तारीखच नाही.

जुना_कारकून

नाही. त्या अक्षरं म्हणूनच ठेवाव्या लागतील. मी तुमच्या जागी असतो तर दिवस, महिना, वर्ष असे तीन कॉलम केले असते. मग क्रमवारी तरी लावता येते.

शहादेकर

माझा प्रश्न याच जातीचा आहे का सांगा. बचत गटाच्या बायकांना हप्त्याच्या चिठ्ठ्या छापून देते. सेलमध्ये तारीख सुंदर दिसते, 15-06-2024. पण चिठ्ठीचं वाक्य जोडलं की "आपला हप्ता 45458 रोजी देय आहे" असं येतं. एका आजींनी तर विचारलं, बाई, एवढे पैसे भरायचे का?

जुना_कारकून

हो ताई, जात तीच. & ने जोडताना सेलचा पोशाख येत नाही, आतला आकडा येतो. तो कसा लिहायचा हे तिथेच सांगावं लागतं.

```
="आपला हप्ता "&TEXT(A2,"dd-mm-yyyy")&" रोजी देय आहे"
```

मूळ सेलचा फॉरमॅट कितीही बदललात तरी वाक्यातला आकडा बदलणार नाही, TEXT च लागेल.

शहादेकर

झालं! आजच नव्या चिठ्ठ्या काढते. त्या आजींना स्वतः नेऊन देईन.

केळीपट्टा_रावेर

काका, माझं बघा ना. जेवण झाल्यावर पुन्हा बसले. मला काळजी वाटतेय. ५ जूनमध्ये ३३० मिळवले तर कापणी १ मे २०२५ येते. त्याच ओळीत एक्सेलने १ एप्रिल काढलंय. महिन्याचा फरक. १२ जूनच्या एका ओळीत तर लागवडच ६ डिसेंबर झालीय. आणि डावीकडच्या बऱ्याच ओळींत कापणी बरोबर येतेय, एकदोन ठिकाणी #VALUE! आहे. अक्षरं असतील तर त्यात ३३० मिळतातच कसे?

जुना_कारकून

चांगला प्रश्न विचारलात. अक्षरांना + लावलं की एक्सेल आधी त्यांचा आकडा करून बघतो. अमेरिकन रीतीने 25/06/2024 चा आकडा होत नाही, मग #VALUE! यायला हवं. तुमच्याकडे बऱ्याच ओळींत उत्तर येतंय म्हणता, तर बघा, त्या ओळी खरंच या लॅपटॉपवर मोजल्यात का? की दुसऱ्या कोणाच्या मशीनवर फाईल उघडून सेव्ह झालीय?

केळीपट्टा_रावेर

हो. सहकाऱ्याने सकाळी स्वतःच्या कॉम्प्युटरवर कापणीचा कॉलम भरला होता. मी इथे एका सेलमध्ये F2 दाबून एंटर केलं, तर त्याचं पण #VALUE! झालं.

जुना_कारकून

मग त्यांच्या मशीनवर India असणार. तिथे अक्षरं दिवस-महिना अशी वाचली गेली आणि उत्तर बरोबर आलं. एकच फाईल दोन मशीनवर दोन उत्तरं देते, ती अशी. म्हणूनच अक्षरांचा पक्का आकडा करून ठेवायचा. आकडा एकदा झाला की तो कुठल्याही मशीनवर तोच राहतो.

आता मुद्द्याचं. मूळ सीएसव्ही आहे का? असेल तर सगळ्यात उत्तम. ती डबल क्लिक करून उघडायची नाही. सगळे कॉलम Text म्हणून आत घ्यायचे, मग तारखेचा कॉलम सिलेक्ट करून Data मधलं Text to Columns उघडायचं, तिसऱ्या पायरीवर Date निवडून शेजारी DMY करायचं. तिथे आपण एक्सेलला स्पष्ट सांगतो की आधी दिवस आहे. तासाभरात काम होतं.

केळीपट्टा_रावेर

नाही ना काका. ज्या फोनवर आली होती तो बिघडला आणि रीसेट करावा लागला. माझ्याकडे एवढी एक्सेलचीच फाईल आहे.

गिरणाकाठ

मग याच कॉलमवर Text to Columns करून DMY दिलं तर?

जुना_कारकून

अक्षरांच्या ओळी दुरुस्त होतील. पण उजवीकडच्या ओळी आधीच आकडा झाल्यात, त्यांचा उलटा महिना त्याने सुलटा होईल या भरवशावर मी राहणार नाही. विंडोजचा प्रदेश आता India केला तरी जुने आकडे बदलणार नाहीत. प्रदेश बदलाच, पण तो पुढच्या फाईलींसाठी.

ताई, आधी एक तपासणी करू. शेजारी एक रिकामा कॉलम घ्या आणि सगळ्या ओळींसाठी हे लिहा.

```
=IF(ISNUMBER(D2),DAY(D2),"अक्षर")
```

मग फिल्टर लावून कोणकोणते दिवस येतात ते सांगा. सगळी लागवड जून-जुलैमधलीच आहे ना?

केळीपट्टा_रावेर

हो, मृगबागच आहे सगळी. कांदेबागेची यादी वेगळी ठेवतो आम्ही.

फिल्टर लावला. अक्षर १२७ ओळी. आकडा ८७ ओळी. त्या ८७ पैकी ७८ ओळींत दिवस 6 किंवा 7 च आहे! बाकी ९ ओळींत 3, 10, 18, 22 असे वेगवेगळे. हे असं का?

जुना_कारकून

मला हेच अपेक्षित होतं. खरा महिना सहावा किंवा सातवा होता. तो उलटून दिवसाच्या जागी गेला. म्हणून जानेवारीची ६, फेब्रुवारीची ६, मार्चची ७, असं वर्षभर पसरलेलं दिसतं. कुठल्याच शेतकऱ्यांचा गट दर महिन्याच्या सहा-सात तारखेलाच केळी लावत नाही. जिथे तारखा एकाच दिवसावर अशा गर्दी करतात तिथे महिना-दिवस उलटलाय हे पक्कं समजा.

त्या ९ ओळींचा महिना कोणता दिसतो?

केळीपट्टा_रावेर

नऊच्या नऊ जून किंवा जुलै. आणि आता आठवलं, काही शेतकरी उशिरा जोडले गेले, त्यांच्या तारखा मी हाताने टाकल्या होत्या, 18-Jun-24 अशा.

जुना_कारकून

महिन्याचं नाव लिहिलंत म्हणून त्या बरोबर बसल्या. इंग्रजी नाव असलं की प्रदेश भारतीय असो की अमेरिकन, गोंधळ होत नाही. त्या ९ ओळींना हात लावायचा नाही.

आता फॉर्म्युला. अक्षर असेल तर तुकडे करून तारीख बनवायची. आकडा असून दिवस 6 किंवा 7 असेल तर महिना-दिवस अदलाबदल. नाहीतर आहे तसं.

```
=IF(ISTEXT(D2),
 DATE(RIGHT(D2,4),MID(D2,4,2),LEFT(D2,2)),
 IF(OR(DAY(D2)=6,DAY(D2)=7),
 DATE(YEAR(D2),DAY(D2),MONTH(D2)),D2))
```

नव्या कॉलममध्ये करा, जुना कॉलम तसाच ठेवा. फॉरमॅट General ठेवून आधी आकडेच बघा, तारीख नंतर. १ जून २०२४ म्हणजे 45444 आणि ३१ जुलै म्हणजे 45504. सगळे आकडे या दोघांच्या मधे पडले पाहिजेत. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा काढायला MIN आणि MAX पुरेसे आहेत.

चोपडा_बायपास

काका, आकडे बघायची ही युक्ती माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. मी आकडा दिसला की लगेच लपवायचो.

केळीपट्टा_रावेर

MAX 45504 आलं, छान. MIN मात्र 8943 आलं. एकच ओळ आहे ती. तारखेत बघितलं तर १९२४!

जुना_कारकून

त्या सेलमध्ये तारखेनंतर एक स्पेस असणार. RIGHT ने शेवटची चार अक्षरं उचलली, त्यात 2024 ऐवजी 024 आणि स्पेस आली. DATE ला वर्ष 24 मिळालं, आणि तो लहान वर्षात १९०० मिळवतो. फॉर्म्युल्यात RIGHT(TRIM(D2),4) असं करा.

केळीपट्टा_रावेर

खरंच स्पेस होती. आता MIN 45444. पहिल्या लागवडीची तारीख १ जून, ती मला तोंडपाठ आहे, कारण ती आमच्या अध्यक्षांच्याच वावरातली आहे.

गिरणाकाठ

काका, एक शंका. ताईंनी हाताने टाकलेल्यांत कोणाची ७ जून असेल तर? दिवस 7 आहे म्हणून फॉर्म्युला ती उलटवेल आणि ६ जुलै करेल.

जुना_कारकून

बरोबर पकडलंत. तिथे फॉर्म्युला आंधळा आहे. ६ जून आणि ७ जुलै उलटवल्या तरी त्याच राहतात, त्यांची भीती नाही. पण जुन्या कॉलमात ७ जून किंवा ६ जुलै दिसत असेल तर ती उलटलेली की हाताने टाकलेली, हे शीटवरून कोणालाच सांगता येणार नाही. आतल्या आकड्यावर तो कुठून आला याची खूण नसते. 45450 हा 45450 च.

ताई, जुन्या कॉलममध्ये 45450 आणि 45479 एवढे दोनच आकडे फिल्टर करा. किती ओळी आहेत?

केळीपट्टा_रावेर

पाच.

जुना_कारकून

पाच ओळींसाठी कागद काढा. २१४ पेक्षा पाच बऱ्या. टिश्यूकल्चरची रोपं असतील तर नर्सरीची पावती असेल.

शहादेकर

आमच्याकडे पपईच्या रोपांच्या पावत्या शेतकरी जपून ठेवतात, अनुदानासाठी लागतात म्हणून. तिकडेही ठेवत असतील.

केळीपट्टा_रावेर

आज सकाळी फोन लावले. चौघांकडे पावत्या निघाल्या. तिघांची रोपं जुलैच्या पहिल्या तीन-चार दिवसांत आली होती, म्हणजे ६ जुलै. एकाची ४ जूनला, तर ती ७ जून. त्या चार ओळी हाताने पक्क्या केल्या, महिन्याचं नाव लिहून.

लॅपटॉपचा प्रदेश पण बदलला. Settings मध्ये Time & language, तिथे Regional format ला English (India) केलं आणि एक्सेल बंद करून उघडलं. आता Short Date ला दिवस आधी दिसतो.

पाचव्या शेतकऱ्याकडे पावती नाही. त्यांनी शेजाऱ्याच्या बागेतले कंद घेतले होते. ते म्हणतात पाऊस पडल्यावर लावलं. घरातले म्हणतात पावसाच्या आधी, ठिबकवर लावलं. दोन्ही तारखांत २९ दिवसांचं अंतर आहे, कापणीत पण तेवढंच पडेल.

अमळनेरचे_गुरुजी

निसवण कधी झाली ते विचारा. त्यावरून मागे मोजता येईल का?

केळीपट्टा_रावेर

गुरुजी, कंदाची आणि टिश्यूची निसवण सारखी नसते, आणि त्या बागेत झाडं पण मागंपुढं आहेत. त्यावरून एक तारीख धरायला माझं मन घेत नाही. त्या ओळीत मी तारीख रिकामी ठेवलीय आणि शेजारी दोन्ही शक्यता लिहिल्यात. शुक्रवारी यादी जाईल ती त्या एका बागेशिवाय. रविवारी स्वतः जाऊन बघून येते.

पांझरा

ताई, मन्हं काम काकांनी सांगितल्यासारखं दोन बटणांत झालं. एक विचारतो, मुलांच्या मोबाईल फॉर्ममध्ये तारीख 2024-06-05 अशी वर्ष आधी टाकून घेतली तर हा घोळ होणार नाही ना?

जुना_कारकून

वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं असेल तर दोन्ही प्रदेशांच्या मशीनवर मी ते बरोबरच बसलेलं पाहिलंय. फॉर्ममध्ये ते करून घ्या. तरी पहिली फाईल आली की DAY चा कॉलम लावून एकदा बघाच.

केळीपट्टा_रावेर

फॉर्म बदलायला सांगितलंय. कांदेबागेची यादी पण याच लॅपटॉपवर उघडली होती, ते आत्ता लक्षात आलं. तिथे ऑक्टोबरच्या तारखा आहेत, म्हणजे दिवस 10 वर गर्दी दिसायला हवी. उद्या लावून बघते आणि इथेच लिहिते.